‘पण’ काढून टाकलेलं उत्तर

दुसऱ्यांना चष्मे लावण्यात चष्मेवाल्यांचं आयुष्य गेलं, आणि त्या सकाळी नेमका स्वतःचाच चष्मा त्यांनी लावला नव्हता.

बायको जाऊन तीन महिने झाले होते. तिचा फोटो त्यांनी फेसबुकवर टाकला, तेव्हा धाकट्या मेहुणीनं खाली लिहिलं होतं, "वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर ताई आज असती." त्यावर चष्मेवाले, "आजारपणाच्या आठ महिन्यांत दोनदा फिरकलीस, तुला काय ठाऊक?" मग नातेवाईक सरसावले. एकतीस कमेंट झाल्या.

आज त्याच फोटोखाली मेहुणीचं नवं वाक्य होतं: "भावोजी, मी चुकीचं लिहिलं. तुम्ही तिच्यासाठी सगळं केलंत. मला माफ करा."

चष्मेवाल्यांना त्यावर लाल बदामाचं चिन्ह द्यायचं होतं. अंगठा घसरला आणि पोटभर हसणारा पिवळा चेहरा उमटला. चूक लक्षात येईपर्यंत चुलतभावानं लिहूनही टाकलं, "हसण्यासारखंच आहे, दादा. आता सुचलं हिला!" त्याला आणखी दोघांनी दुजोरा दिला.

चष्मेवाल्यांनी लेकीला हाक मारून फोन तिच्या हातात दिला. तिनं आधी तो चेहरा काढला. मग वडिलांनी उत्तर सांगायला घेतलं, "माफ केलं, पण..."

"बाबा, ‘पण’च्या पुढे तेच भांडण येणार."

त्यांनी ‘पण’ गाळला आणि डॉक्टरांकडे नेल्याच्या तारखा सांगू लागले. त्याही तिनं लिहिल्या नाहीत. मावशीला वेगळा निरोपच पाठवू का, असं त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, तिनं माफी सगळ्यांसमोर मागितली, मग स्वीकारायलाही सगळ्यांसमोरच हवी, तिच्याच कमेंटखाली. तिचे जुने शब्द उगाळायचे नाहीत, आणि आपलं जे चुकलं ते एकदाच, कारणं न देता लिहायचं.

"तारखा कशाला हव्यात तुम्हाला?" तिनं विचारलं.

चष्मेवाले खिडकीकडे वळले. "तिला पटवायला नव्हे गं. एक आठवडा मी थांबलो होतो. नुसता अशक्तपणा असेल म्हणालो. तुझ्या मावशीनं एकदाच लिहिलं, मी रोज स्वतःला विचारतो."

लेकीनं त्यांचा हात धरला. मग दोघांनी मिळून लिहिलं:

"तू हे लिहिलंस, बरं वाटलं. मनापासून स्वीकारतो. मीही तुला टोचून बोललो, माझं चुकलं. मघाचं हसणं चुकून पडलं, बोट घसरलं. आता माझ्या मनात काही उरलं नाही."

चुलतभावाला एवढंच लिहिलं, "विषय संपला. माझ्यासाठी म्हणून थांब." मग नव्या कमेंट बंद केल्या. जुन्या तशाच राहू दिल्या, माफीही त्यांच्यातच होती.

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. कमेंटचा विषय तिनं काढला नाही, त्यांनीही नाही. ताईच्या साड्यांचं काय करायचं, असं ती विचारत होती. चष्मेवाले म्हणाले, अजून कपाट उघडलेलं नाही, एकट्यानं उघडवत नाही.

"रविवारी येते," ती म्हणाली. "दोघं मिळून उघडू."