बाबाची मुदतवाढ

बाबा भूत झालाय हे मी आईसमोर सांगितलं आणि आई ब्लॉकखालच्या बाकावर बसून रडली. पण तसं काही झालंच नाही असं घरात ठरलंय. म्हणून ते सोडून बाकीचं सांगते.

इथे परदेशात, सेंगकांगला, आमच्या शेजारी आह-मा नावाच्या चिनी आजी राहतात. त्या म्हणाल्या, या महिन्यात तिकडचा दरवाजा उघडतो आणि मेलेली माणसं घरी येतात. काहींना आपण मेलोय हेच ठाऊक नसतं. ती जुन्या सवयीने वागत राहतात. महिना संपला की परत जायचं. तोवर टक लावून बघायचं नाही, लाह. हे 'लाह' त्या प्रत्येक वाक्याला लावतात.

मग मी टक न लावता बाबाकडे बघू लागले. तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून रॅफल्स प्लेसला ऑफिसला निघायचा, पण त्याची बॅग हवेने भरल्यासारखी उचलली जायची. गळ्यातलं कार्ड नव्हतं. फोन वाजायचा थांबला होता. एकदा बाथरूममध्ये नळ सोडून तो फोनवर निशिकांतकाकाशी कुजबुजत होता, "महिना संपला की जावंच लागणार रे. संजीवनीला अजून कळू द्यायचं नाहीये. तिला आणि जाईलाही न्यावं लागेल."

संजीवनी म्हणजे आई, जाई म्हणजे मी. त्या दिवसापासून मी आईला चिकटून झोपते.

मग दाताच्या डॉक्टरकडे जाताना आई आणि मी एलआरटीत, म्हणजे इथल्या छोट्या ट्रेनमध्ये चढलो. तिला ड्रायव्हर नसतो. ती आमच्याच भागात गोल गोल फिरते. भर दुपारी कोपऱ्यात बाबा बसला होता, डोळे मिटून, मांडीवर बॅग. आईने तिकडे पाहिलं आणि तिला कोणी दिसलंच नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. माझा हात मात्र तिने फार दाबला.

दुसऱ्या दिवसापासून घरात रोज बाबाच्या आवडीची भरली वांगी. आजोबा गेल्यावरही त्यांच्या आवडीचंच केलं होतं.

मी कागदाचं ऑफिस केलं. लॅपटॉप, खुर्ची, कार्ड, एक ओरडणारा बॉस. जाळलं की तिकडे पोचतं, असं आह-मा म्हणतात. आह-मांबरोबर खाली लोखंडी पिंपात बॉस टाकत होते, तेवढ्यात बाबा आला. मागून भाजी घेऊन आईसुद्धा.

"काय जाळतेयस गं?"

"तुझं ऑफिस. तू मेलायस, बाबा, तुला माहीत नाहीये. तू एलआरटीत बसतोस आणि आईला दिसत नाहीस."

बाबा आईकडे वळला. बॉस जळत होता.

"दिसला होतास," आई म्हणाली. "तोंड उघडं टाकून झोपला होतास."

पुढचं झालेलंच नाही.

आता बाबा घरीच असतो. आई बॉस होऊन अवघड प्रश्न विचारते, बाबा टाय लावून उत्तरं देतो, खाली अर्धी चड्डी. आईला भुताची अजिबात भीती वाटत नाही. पण महिना संपत आलाय. म्हणून, बाबा इथे राहू देण्याच्या अर्जात लिहितो तसं:

दरवाजाचे संबंधित अधिकारी यांस नम्र विनंती, की सदर भूत कोणास त्रास देत नाही व भांडी घासते. तरी त्यास मुदतवाढ मिळावी. नियमात बसत नसल्यास, दरवाजा कृपया यंदा बंदच करू नये.