नावडे, नावडे

आधीच माफी मागतो. व्यक्तिचित्र लिहिणं माझ्यासारख्याचं काम नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. माझे बाबा वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांद्याच्या गोणी उचलतात, आणि माझं मराठी अजून शुद्धलेखनात अडखळतं. पण मोहितेआण्णांबद्दल लिहायला पुढे आलेला दुसरा कुणी नाही, आणि त्यांच्याबाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. म्हणून लिहितो.

मोहितेआण्णा शब्द वजन करून घ्यायचे. कुणी काही चांगलं बोललं की ते दोन्ही तळवे वर करून समोर धरायचे, डोळे मिटायचे, आणि हात तराजूसारखे खालीवर व्हायचे. मग निकाल लागायचा. "घट आहे," नाहीतर "बरोबर आहे." एकदा पोहे फार छान झालेत असं त्यांच्या पुतणसुनेला सांगण्याआधीही त्यांनी हात असे धरले होते. ती बिचारी ताटकळत उभी राहिली आणि पोहे गार झाले.

ते मूळचे साताऱ्याकडचे. बाबांच्याच मार्केटात मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलणारा माणूस. पस्तीस वर्षं कांदे-बटाटे तोलले, निवृत्त झाले आणि कोपरखैरण्याच्या आमच्या साहित्य मंडळात शब्द तोलायला आले. शाळा सातवीपर्यंत. यमक ते एका कागदावरून शिकले. कधीतरी लसणाच्या पुडीला बांधून व्याकरणाच्या पुस्तकाचं एक पान आलं होतं. त्यावर यमक अलंकार पूर्ण होता आणि खाली श्लेषाची दीड ओळ. तिथे पान फाटलेलं. त्यामुळे जगात अलंकार दीडच आहेत अशी त्यांची समजूत होती. मी एकदा उपमा हा शब्द काढला तर म्हणाले, "तो सकाळी खायचा."

मंडळात त्यांचा पहिला शनिवार मला चांगला आठवतो. देशमुखबाईंनी कविता वाचली. 'मन' आणि 'धन', 'वारा' आणि 'तारा'. टाळ्या पडल्या. आण्णांनी हात वर धरले.

"यमक चांगलंय ना?" बाईंनी हसत विचारलं.

"हे यमक न्हवं, बाई. शेवटाला शेवट चिकटलाय नुसता. मनात म, धनात ध. आख्खी गोण पायजे का नको?"

"अहो, सगळे यालाच यमक म्हणतात!"

"सगळ्यांचा काटा खोटाय."

बाई चिडल्या आणि पुढच्या शनिवारी मुद्दाम 'घर' हा शब्द दोन ओळींच्या शेवटी घेऊन आल्या. दोन्हीकडे अर्थ घरच. आण्णा शांतपणे म्हणाले, "हा एकच माल तुमी दोनदा तोलला."

मग त्यांनी स्वतःची ओळ म्हटली:

कांद्याला चढे भाव,
माणसात नुरे भाव.

"ह्या पारड्यात दर, त्या पारड्यात माया. अक्षर तेच, माल वेगळा! ह्याला म्हणायचं यमक."

'अक्षर तेच, माल वेगळा' हे त्यांचं पालुपद. शब्द तोडूनही यमक साधतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. गाजर विकणाऱ्याला त्यांनी सल्ला दिला होता:

खपेल सारे गाजर,
मोठ्याने नाव गा जर.

वर एक शब्द, खाली दोन. 'गा' आणि 'जर'. अक्षरं तीनच, क्रम तोच. मी पुस्तकात पाहून सांगितलं की याला सभंग यमक म्हणतात. आण्णांना त्या नावाचं इतकं कौतुक वाटलं की आठवडाभर ते फुटक्या कपालाही सभंग म्हणत होते.

मंडळात इथल्या जुन्या गावातले पाटीलकाका होते. त्यांच्या बोलीत ण नाही. एकदा त्यांनी लाजत म्हटलं:

घरान माझा एक कोन,
इचारतंय मना कोन?

पहिला कोन म्हणजे कोपरा, दुसरा म्हणजे कोण; मला विचारतंय कोण? सगळे हसले. आण्णा हसले नाहीत. त्यांचे हात बराच वेळ खालीवर होत राहिले. मी हळूच सांगितलं की जुन्या नियमात ब आणि व यांना सूट आहे, पण न आणि ण यांना नाही.

"कागदावर घट आहे," शेवटी आण्णा म्हणाले. "पर काकांच्या तोंडात वजन बरोबर हाय. बोलताना यमक, लिहिताना न्हाई." मग पाटीलकाकांकडे बघत म्हणाले, "कोन इचारत न्हाई, काका? आमी इचारतो की."

श्लेषावर मात्र त्यांचा राग होता. एक शब्द एकदाच म्हणायचा आणि त्यातून दोन अर्थ काढायचे, ही त्यांच्या मते चलाखी. "एका पारड्यात दोन माल खपवायचे? यमकाला दोन पारडी लागत्यात. गिऱ्हाइकाला दोन्ही दिसायला पायजेत."

हे सगळं गमतीचं होतं. आण्णांच्या घरी गेलो तेव्हा गंमत कमी झाली.

त्यांची एकच मुलगी, सुरेखा. बायको लवकर गेली. मुलीचं लग्न तळोज्याजवळच्या नावडे गावात ठरलं. जावई तिथल्या कारखान्यात. बैठकीत सासऱ्यांनी सहज विचारलं, "काय पाहुणे, गाव कसं वाटलं आमचं?" समोर वीस माणसं, मुलगी दारात उभी. आण्णांना मोह आवरला नाही.

"गाव कसं आवडायचं? नावच नावडे!"

कुणी हसलं नाही. लग्न झालं, पण जाताना सुरेखाताई म्हणाल्या, "माझ्या सासरला हसलात, आण्णा. आता तिकडं येऊ नका." चार वर्षं झाली होती. ना त्या आल्या, ना हे गेले.

"चेष्टा केली रे मी," आण्णा मला म्हणाले. "दोन पारडी हुती. तिला एकच दिसलं."

मग एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. मोबाइलवर मराठी टाइप करणं त्यांना जमत नव्हतं. चार वर्षांत ही दोन ओळींची माफी तयार झाली होती. एकेक अक्षर सावकाश सांगत त्यांनी लिहून घेतली:

तुजविण मज हे शहर नावडे,
मनात एकच गाव नावडे.

पहिल्या नावडेचा अर्थ आवडत नाही. दुसरं नावडे म्हणजे गाव, मुलीचं गाव. तुझ्याशिवाय इथे करमत नाही, मनात तुझंच गाव आहे. मी मान वर केली तर आण्णांचे डोळे भरले होते.

मला तेव्हाच शंका आली होती. मी म्हणालो, "आण्णा, दुसऱ्या ओळीत कंसात 'गावाचं नाव' असं टाकू का?"

"कंसात?" ते भडकले. "यमकात कंस? अर्थ सांगितला की काटा हलतो. माझी पोरगी हाय ती. तिला कळंल."

मी कंस टाकला नाही. मोठ्या माणसापुढे बोलायची मला सवय नाही. आण्णांच्याच फोनवरून मेसेज गेला. दहा मिनिटांत निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

दर शनिवारी आण्णा फोन माझ्यापुढे धरून विचारायचे, "आलं का रे?"

"नाही, आण्णा."

"सोडवत आसंल. सभंग हाय का बघत आसंल. येळ लागतो."

तीन महिने ते असंच म्हणत राहिले. मंडळात येऊन बसायचे, पण हात वर करायचे नाहीत. देशमुखबाईंनी मुद्दाम 'वारा' आणि 'तारा' पुन्हा वाचलं, तरी म्हणाले, "चांगलंय." बाईंचाच चेहरा पडला.

मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुतण्याच्या घरी खाटेवर पडून होते. मी भेटायला गेलो तर पुतणसून दारातच रडकुंडीला आलेली.

"ह्यांना काय खायला द्यायचं ते तरी सांग बाबा. सगळे शब्द गेले, एकच राहिलाय. पेज दिली की नावडे, खिचडी दिली की नावडे. आवडत नाही असं सरळ का नाही बोलत? हे आजारपणात पण कविता करतात!"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. तोंड वाकडं झालं होतं. मोठ्या कष्टानं म्हणाले, "नावडे." डावा हात जरा वर आला. उजवा आलाच नाही.

पुतणसुनेनं समोरची वाटी उचलली आणि आत नेली.

मी आण्णांच्या फोनमधून नंबर घेतला आणि जिन्यात येऊन सुरेखाताईंना फोन लावला. कोण, कुठला हे सांगितलं. आजाराचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "काही बोलतात का?"

"एकच शब्द. नावडे."

"माहितीये. चार वर्षं तेच बोलतायत. मध्ये मेसेज पण केला, एकच गाव नावडे म्हणून. सगळ्या जगात माझंच गाव आवडत नाही त्यांना."

"नाही ताई. ते नावडे म्हणत नाहीत. नावडे म्हणतात."

"दोन्ही वेळा एकच तर बोललात तुम्ही."

फोनवर दोन्ही सारखंच ऐकू जात होतं, आणि मी टाइप केलं तेव्हा दिसलंही सारखंच. मग मी आण्णांचा नियम मोडला. शब्दाशब्दाचा अर्थ सांगितला. पहिलं हे, दुसरं ते, मास्तरांसारखा. ज्या कंसाला मी घाबरलो होतो तो तीन महिने उशिरा, जिन्यात उभा राहून टाकला.

त्या म्हणाल्या, "म्हणजे येतो म्हणत होते?"

"हो."

गुरुवारी सुरेखाताई आल्या. मी होतो. आण्णा म्हणाले, "नावडे." त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "नेते हां, आण्णा. खालच्या खोलीत सोय करते. रविवारी गाडी घेऊन येते, नावड्याला नेते." मग पेजेचा चमचा पुढे केला. आण्णांनी तोंड उघडलं. सगळी वाटी संपवली. पुतणसून भिंतीला टेकून बघत राहिली. म्हणाली, "मला काय माहीत, ताई."

रविवारी मंडळाची वार्षिक सभा होती. मी सकाळी सभागृहात खुर्च्या मांडत होतो. आण्णांच्या त्या दोन ओळी मीच वाचायच्या, असं ठरलं होतं. त्या फळ्यावर लिहून ठेवल्या होत्या, कंसाशिवाय. पाटीलकाका वाचत होते आणि मान हलवत होते.

तेवढ्यात, आण्णांना गाडीत बसवायला मदतीला गेलेल्या बाबांचा फोन आला. बाबा फोनवर नेहमी कमी बोलतात.

"आण्णा गेले रे," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला की हातातली खुर्ची तशीच राहिली. "गेले? इतक्या लवकर आली गाडी? पोचले का नावड्याला?"

बाबांनी आवाज खाली आणला.

"तसे गेले न्हाईत रे," ते म्हणाले. "गेले."