आंधळे दळते या म्हणीच्या अर्थाची हकीकत

श्री. अक्षरांचा धनी जो गजवदन आणि जिभेची धनीण जी शारदा, उभयतांस दंडवत करोन, कोणाचे अधिक न लिहितां, उणे न लिहितां, ही हकीकत लिहिली असे.

शके सोळाशें सहासष्ट, रक्ताक्षी नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी. डोंगराळ मुलुखांत एक राज्य होते. त्याचे नाव लिहिणारास ठाऊक आहे, परंतु लिहीत नाही. गादीवर महाराज होते, वय चाळीस, स्वभावे सालस. त्यांच्या डोळ्यांत दोन वर्षे पडदा उतरत होता आणि आतां समोरचा माणूस ते आवाजावरून ओळखीत. हे सर्वांस ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते, कारण बोलला तो एक वैद्य, आणि तो पुन्हा कोणास दिसला नाही. फौजेचे सरनोबत रायाजीराव महाराजांच्या डाव्या हातास बसत, कागद पुढे ठेवीत, महाराज शिक्का उमटवीत, आणि शिक्का पुन्हा रायाजीरावांच्या कमरेच्या पिशवींत जाई. आणि पोथीखान्यांत सिदोपंत म्हणोन कारकून होते, जुने कागद लावणे आणि अडल्या शब्दांचा अर्थ सांगणे हे त्यांचे काम. माणूस भित्रा, घरून निघतांना दाराची कडी तीन वेळां चाचपणारा.

त्या दिवशी सकाळी सदरेच्या दरवाजावर खळीने चिकटविलेला कागद निघाला. मोडी अक्षर, एका ओढीत लिहिलेली एकच ओळ, शब्दांत अंतर नाही. रायाजीरावांनी तो सोलून दरबारांत आणिला आणि वाचला: "आंधळे दळते कुत्रे पीठ खाते." एका मानकऱ्याच्या हातांतील विडा हातांतच राहिला. मग रायाजीराव बोलिले, "महाराज, हे असे वाचावयाचे नव्हे. तोडावे कोठे यांत मेख आहे. आंधळे दळ, ते कुत्रे पीठ खाते. दळ म्हणजे फौज. पीठ म्हणजे सिंहासन, संस्कृतांत विचारून घ्यावे. फौज आंधळी, आणि तो कुत्रा गादी खातो. हा फितुरीचा इशारा आहे. मुदपाकखान्याची दळणारी कोंडाई हेच शब्द परवां जात्यावर बोलत होती; तिला धरून ठेविले आहे. कोणी लिहविले ते कडेलोटापूर्वी सांगेल."

महाराज म्हणाले, "सिदोपंत आहेत?"

"आहे महाराज," असे पंत म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांस परका वाटला.

"ही ओळ कोणाची आणि अर्थ काय, ते उद्यां दोन प्रहरी सांगा. कळले तेवढेच सांगा."

सदर उठली आणि जिन्यावर रायाजीरावांनी पंतांस गांठले. आवाज मऊ होता. "पंत, मी सांगितला तोच अर्थ निघाला तर बरे. दुसरा निघाला तर म्हातारीस कड्यापर्यंत सोबत लागेल." इतके बोलून त्यांनी पंतांचे उपरणे खांद्यावर नीट करोन दिले आणि गेले. उरलेल्या पायऱ्या पंतांनी भिंत धरून उतरल्या.

आणि त्यांस दोन्ही बाजूंस खड्डा दिसला. सरनोबताचे वाचणे मान्य करावे तर कोंडाई मरते. साधी म्हण म्हणावे तर महाराज विचारणार की आंधळे कोण, आणि दरवाजावर चिकटविलेले आंधळे कोण हे शेंबडे पोरही सांगेल. मग पंत कोठडीकडे गेले. दारावर बहिर्जी पहारेकरी होता. त्याचा भाऊ तुकोजी महिन्यापूर्वी घाटावर तापाने गेला असे त्यास कळविले होते, आणि तेव्हांपासून तो कोणाशी बोलत नसे. त्याने मुकाट्याने दार उघडले. कोंडाई भिंतीशी बसली होती, हातांच्या घट्ट्यांत अजून पीठ होते.

"बाई, हे शब्द कोठून आले तुझ्याकडे?"

"माझी आई म्हणायची, पंत. तिची आई म्हणायची. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. त्यात माझं काय?"

"पुन्हा म्हण. जात्यावर म्हणतेस तसे."

तिने म्हटले, आणि हात नकळत फिरला, आणि "दळतं"वर एक फेर पुरा झाला, "खातं"वर दुसरा. पंतांनी ते ऐकिले आणि भीतीतही त्यांचे कान टवकारले. "परवां कोणाला बोललीस?"

"सुनेला. तिनं दार उघडं टाकलं, कोंबड्यांनी दाणे खाल्ले. मला मारतील का हो?"

पंत उठून बाहेर पडले. ते बाजारांत गेले. कुंभारीण म्हणाली, आमच्या गांवी आंधळी दळती म्हणतात, तेथेच एक आंधळी सासू होती, तिच्यावरून ही म्हण पडली. तेली म्हणाला, छे, ती आमच्या माळावरच्या आंधळ्या गोसाव्याची गोष्ट, कुत्रेही त्याचेच. भिक्षुकाने तिसरे गांव सांगितले आणि शपथ घेतली. तिघांच्या गोष्टी निराळ्या, म्हण एक. पंतांस उमगले की गोष्टी म्हणीच्या पोटी जन्मल्या आहेत, म्हण गोष्टींच्या पोटी नव्हे. मग ते पोथीखान्यांत शिरले आणि सायंकाळपर्यंत कागदांचे जुने रुमाल, म्हणजे बांधलेली गाठोडी, सोडीत राहिले, आणि खिडकीखालून सरनोबताचे दोन स्वार उगाच येरझाऱ्या घालीत होते. दिवे लागणीस एका पत्रावर त्यांचे बोट थांबले. घरी त्यांच्या कुटुंबाने, गोदूबाईंनी, ताट वाढिले. पंतांनी भात कालविला आणि तसाच ठेविला.

दुसऱ्या दिवशी दोन प्रहरी सदर भरली. कोंडाईस बांधून उभी केली होती, बाजूस बहिर्जी. पंत पुढे आले आणि बोलू लागले.

"महाराज, आधी वाचणे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, म्हणोन सरनोबत म्हणतात तशी तोड कागदावर होते. दळ म्हणजे फौज खरे, पीठ म्हणजे आसन हेही खरे. पण ही तोड लिहिणाराच्या भाषेतच निघते. बाया 'दळतं' म्हणतात, त्यांतून 'दळ' तोडले तर 'तं' उरते, आणि 'तं कुत्रं' कोणी बोलत नाही. शिवाय 'ते कुत्रे' म्हणावयास आधी एक कुत्रे दाखवावे लागते, ते येथे नाही. आणि दळतं, खातं ही जोड जात्याच्या फेऱ्यावर बसते. तोडली की फेरा मोडतो."

रायाजीराव हसले. "म्हणजे कवि जातेवाली ठरली."

"कवि ठाऊक नाही," पंत म्हणाले. "तीन गांवे आपली म्हणतात, तिन्ही मी मानीत नाही. लिहिलेले जुन्यांत जुने मिळाले ते थोरल्या महाराजांच्या पत्रांत, महाराजांच्या जन्मापूर्वी वीस वर्षांचे. कोठीच्या कारभाऱ्यास लिहितात, 'आंधळे दळते कुत्रे पीठ खाते ऐसे जाहले, तरी स्वतां जवळ बसत जाणे.' हे कागदाचे वय झाले. म्हण त्याहून जुनी असेल. किती, ते सांगवत नाही. म्हणोन ही कोंडाईची नव्हे, आणि महाराजांच्या डोळ्यांवर रचलेलीही नव्हे."

डोळे हा शब्द दरबारांत प्रथमच पडला. पंतांस वाटले आपण कडा ओलांडिला.

"अर्थ?" महाराज म्हणाले.

"वरचा अर्थ, एक कष्टतो आणि दुसरा आयते खातो. त्याखालचा, काम चालू आहे आणि पाहणारे कोणी नाही. नपुंसकलिंगी 'आंधळे' म्हटले. आंधळा नाही, आंधळी नाही, कोणीही. 'दळले' नाही, 'दळते'. एका दिवसाची गोष्ट नव्हे, जेथे जेथे असे चालते तेथली. कोणी ती दळणाऱ्याच्या गाफीलपणावर म्हणतो, कोणी कुत्र्याच्या चोरीवर. थोरल्या महाराजांनी जवळ न बसणाऱ्यावर म्हटली. बोलणाराचे बोट जिकडे, तिकडे अर्थ जातो."

"आणि दरवाजावर चिकटविणाराचे बोट कोणीकडे होते?"

पंतांस नुसते ठाऊक नाही म्हणता आले असते. "त्याच्या मनांतले मज ठाऊक नाही. पण सदरेच्या दरवाजावर लावली, ती पिठाकरितां नव्हे. महाराजांकडे होते असे मज वाटते. आणि कुत्र्याकडेही."

रायाजीरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. महाराज हळूच म्हणाले, "गेल्या दोन महिन्यांत माझ्या शिक्क्याने जे हुकूम गेले त्यांच्या नकला आणा. पंत, तुम्ही वाचा."

"ते दरबारी वाचण्याजोगे नव्हे," रायाजीराव म्हणाले.

"मला सांगतात ते नेहमी ऐकण्याजोगे असते. आज लिहिलेले ऐकतो."

नकलांची पिशवी आली. पंतांनी पहिला कागद उलगडला. तुकोजी पहाऱ्याचा नाईक, घाटावर गळफास, कारण उलट बोलणे. बहिर्जीने मान वर केली. दुसरा, वैद्याचा कडेलोट. तिसरा, चौथा, असे सात माणसांचे हुकूम, खाली महाराजांचा शिक्का. महाराजांचे ओठ पांढरे पडले. आठवा कागद कालच्या तारखेचा होता. कोंडाई दळणारी, कडेलोट. त्याच कागदावर खाली आणखी एक नांव होते, आणि पंत तेथे थांबले.

"पुढे?"

"सिदोपंत पोथीखान्याचे," पंत म्हणाले. "सप्तमीस, म्हणजे उद्यां, सूर्योदयी."

"मी शिक्का केला?"

"महाराजांनी केला."

महाराजांनी डावा हात पसरला. "रायाजीराव, शिक्का."

रायाजीराव उठले, पण हात पिशवीकडे गेला नाही. त्यांनी दारांतल्या पहाऱ्याकडे पाहून नुसती मान हालविली. सदरेत शंभर माणूस होते आणि कोणी हलले नाही. सर्वांनी जाणले की आतां राज्य या खोलीत आहे की नाही ते ठरते. पंतांनी डोळे मिटले. मग पावले वाजली. बहिर्जी कोंडाईस सोडून पुढे आला आणि त्याने भाल्याचे टोक सरनोबताच्या छातीशी धरिले. "माझा भाऊ तापानं गेला म्हणालात," इतकेच तो बोलला. आणि दारांतले पहारेकरी, ज्यांनी तीच सात नांवे ऐकिली होती, ते जागचे हलले नाहीत. मग रायाजीरावांनी पिशवी सोडली.

तात्पर्य, रायाजीराव बेडी घालून दूरच्या किल्ल्यावर गेले व तेथेच वारले. कोंडाई सुटली, बहिर्जीस भावाची जागा मिळाली. महाराजांनी सात घरी स्वतां जाऊन दार वाजविले. दोन घरांनी उघडिले नाही. कागद चिकटविणारा सांपडला नाही, महाराजांनी शोधूही दिला नाही. पुढे प्रत्येक हुकूम भरसदरेत मोठ्याने वाचूनच शिक्का होई, आणि वाचणार सिदोपंत. ते अकरा वर्षे जगले. मानाची वस्त्रे मिळाली, पालखी मिळाली. परंतु कोणी मागून नुसते नांवाने हाक मारिली तरी ते जागच्या जागी थिजत, आणि वळून पाहावयास त्यांस पुष्कळ वेळ लागे. इति.