आहेरात मंगलाष्टक

"आहेरात कागद देणार? कागद?" सगुणाबाईंनी बशीतला चहा परत कपात ओतला. असल्या घरचा चहा कसा प्यायचा, असा त्यांचा चेहरा झाला होता. "अहो जावईबापू, कागदात तर शेवसुद्धा बांधून देतात."

जावईबापू म्हणजे वाल्मीक. सातपूरच्या ज्या कारखान्यात तो फिटर होता, त्याला दिवाळीपासून टाळं होतं, आणि धाकट्या मेहुणीचं, राखीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. थोरल्या जावयानं पैठणी तरी नेसवावी, निदान अंगठी तरी घालावी, असं सगळ्या गोतावळ्याला वाटत होतं. बायकोचं, ज्योत्स्नाचं, मंगळसूत्र मोडावं असंही एकदोघांनी प्रेमानं सुचवलं होतं. दुसऱ्याच्या गळ्यातलं मोडायला माणसं फार उदार असतात.

"कागद नाही आत्या, मंगलाष्टक," ज्योत्स्ना म्हणाली. "ह्यांनी स्वतः रचलंय. राखीसाठी."

"रचलंय," सगुणाबाई म्हणाल्या. वधूच्या ह्या सख्ख्या आत्या. त्यांच्या तोंडून हा शब्द घरात ढेकूण सापडल्यासारखा बाहेर पडला.

खरं तर वाल्मीकनं एकच कडवं केलं होतं आणि तेवढंच गायचा त्याचा बेत होता. त्याच्या लग्नात राखी सहा वर्षांची होती. नव्या जावयाच्या सायकलीच्या दांडीवर बसून ती भद्रकालीच्या बाजारात जायची, फुटाण्यांची पुडी घ्यायची आणि घरी येईपर्यंत ती रिकामी करायची. ते कडव्यात आणायला त्याला आठवडा लागला. शाळेत मास्तरांनी छडीच्या धाकानं शार्दूलविक्रीडिताचं ‘म स ज स त त ग’ घोकून घेतलं होतं, ते आता कामी आलं. पाटावर बोटं आपटत तो लघु-गुरू मोजायचा. एका ओळीत एकोणीस अक्षरं, बारावर श्वास. एखादं अक्षर ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ आलं की कानसीनं घासावं तशी ओळ घासायची. शेवटी जमलं:

*दांडीला बसुनी चणे उडविले, ती धाकटी मेहुणी*
*राखी आज निघे घरास अपुल्या, डोळ्यांत पाणी नको*

ते ऐकून ज्योत्स्ना उठून आत गेली आणि बराच वेळ कुकरचं झाकण पुसत बसली. तेव्हाच वाल्मीकनं ठरवलं, हाच आपला आहेर.

सगुणाबाई जायला उठल्या, चपला घातल्या आणि उंबऱ्यात थांबल्या.

"त्यात आमचं नाव आहे का?"

"नाही, ते फक्त राखीचं..."

"म्हणजे सख्खी आत्या मेली असं लोकांनी समजायचं."

वाल्मीकनं मग आत्याचं कडवं केलं. ‘आत्या ती सगुणा मनी हरखली, देई मुलीला सुखे.’ वृत्तात अगदी चपखल. चार दिवसांनी सगुणाबाई पुन्हा हजर.

"सगुणा? नुसती सगुणा? आमच्या ह्यांनीसुद्धा मला कधी एकेरी हाक मारली नाही. ‘बाई’ कुठं गेली?"

"आत्याबाई, ‘बाई’ बसत नाही. तिथं लघु लागतो."

"मग मांडी घालून बसवा. मला काय सांगता?"

‘बाई’ बसवायला अख्खी ओळ मोडली. मोडली ती मोडली, पण बातमी गावभर झाली. ज्यांनी कागद म्हणून नाकं मुरडली होती, तेच एकेक करून वाल्मीकच्या दारात येऊ लागले. मामा आले, "आपलं एक कोपऱ्यात असू द्या." मामा आले म्हणून काका आले. काकांचं नाव दुसऱ्या ओळीत आणि मामांचं पहिल्या ओळीत, म्हणून काका पुन्हा आले. ओझरच्या झुंबरमावशींनी तर आपल्या मुलाची विमान कारखान्यातली नोकरीही त्यात घालायला सांगितली. "पर्मनंट आहे, हे आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. ‘पर्मनंट’ हा शब्द शार्दूलविक्रीडितात बसवणारा वाल्मीक बहुधा पहिलाच.

मग कळवणहून वराचे वडील सावळीराम आले. "तुमचीच नावं घेता का? आमच्याकडची माणसं काय मांडवात नुसती जेवाया येणारेत?"

त्यांचं नाव मात्र एका झटक्यात बसलं. ‘श्री सावळीराम ते.’ कुठं घासावं लागलं नाही, कुठं ठोकावं लागलं नाही. सावळीरामांना ते फार आवडलं. "आमच्या नावातच वजन हे," ते म्हणाले, आणि खुशीत आपल्या चार भावांची नावं देऊन गेले. त्या चौघांच्या नावांत मात्र अजिबात वजन नव्हतं.

लग्नाच्या दिवशी वाल्मीकच्या हातात सोळा कडवी होती. राखीचं त्यानं शेवटी ठेवलं. गोडाचा घास शेवटी, एवढाच त्याचा हिशेब.

द्वारका चौकाजवळच्या मंगल कार्यालयात अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी गणपतीचं कडवं म्हटलं, नद्यांचं म्हटलं आणि मुहूर्ताला बराच अवकाश आहे असं पाहून वाल्मीककडे माईक दिला. वाल्मीक खणखणीत गात होता. ज्याचं नाव येई तो मान ताठ करून आजूबाजूला पाही, आणि नाव येऊन गेलं की शेजाऱ्याशी गप्पा मारायला मोकळा होई. झुंबरमावशी ‘पर्मनंट’ला दोनदा अक्षता टाकून मोकळ्या झाल्या. दहाव्या कडव्याला अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली आले, बाराव्याला नवरदेव दिनेशनं जांभई दिली. गुरुजी घड्याळाकडे आणि घड्याळ गुरुजींकडे बघत होतं.

पंधरावं कडवं संपलं. सावळीरामांच्या चौथ्या भावानं मान डोलावली. वाल्मीकनं श्वास घेतला, "दांडी..."

"मुहूर्त चालला," म्हणत गुरुजींनी माईक ओढला आणि ‘तदेव लग्नं’ सुरू केलं. अंतरपाट गेला, बँड वाजला, अक्षतांचा मारा झाला. बोहल्यावर उभं राहून राखीनं आत्यापासून चुलत सासऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं ऐकली. तिचंच तेवढं राहिलं.

मग आहेर. एकामागून एक भिंतीवरची घड्याळं आली, सगळी सारखी, सगळी गुलाबी कागदात. सगुणाबाईंचंही त्यातच होतं. त्या व्यासपीठावरून उतरल्या त्या सरळ वाल्मीककडे आल्या.

"गायलात छान हो. ‘बाई’ स्वच्छ ऐकू आली." मग आवाज खाली आणून, पण पाच जणींना ऐकू जाईल इतकाच, "बरं, आहेर काय दिलात?"

ज्योत्स्ना काही बोलणार होती. वाल्मीकनं तिचा हात दाबला.

पाठवणीला जीप दारात लागली. सगुणाबाईंनी आधीच पदर डोळ्याला लावला, बाकीच्यांना सूर मिळाला. राखी जीपमध्ये चढून कडेला बसली. तिनं आईच्या गळ्यात हात टाकायच्या आधी वाल्मीककडे पाहिलं.

"दाजी, एवढ्या सगळ्यांत मी कुठं होते हो?"

वाल्मीक जीपच्या दाराशी वाकला. बँड नव्हता, माईक नव्हता. त्यानं हळू आवाजात ते कडवं म्हटलं, नुसतं तिच्यापुरतं. ‘चणे उडविले’ आलं आणि राखी हसली. हुंदका फुटायचा तिथं खळखळून हसू फुटलं. ती पुडी तिला आठवली असावी. आईही हसली, दिनेशही काही न कळता हसला. हसत हसतच जीप निघाली. रडायला ताटकळलेल्या बायकांनी हातातले रुमाल तसेच घडी करून ठेवले.

सगुणाबाईंनी ही गोष्ट पुढं वर्षानुवर्षं प्रत्येक लग्नात सांगितली, वाल्मीकच्या देखत सांगितली.

"ह्या जावयानं राखीला काही दिलं तर नाहीच, उलट पोरीचं रडू तेवढं काढून घेतलं."