बरं वाटलं

नकाराचा फोन गेनूमामांनीच केला. मुलीकडच्यांनी घर बघितलं आणि त्यांना ते पसंत पडलं नाही. भोंगवलीच्या कुमारसाठी मामांनी आणलेलं हे तिसरं स्थळ होतं. चौथं आणायच्या आधी मामांना एका गोष्टीचा खुलासा हवा होता.

"ज्ञानू, तुझी विहीर आटती व्हय रं?"

"कधीच न्हाई! आजपातूर आटली न्हाई."

"मग त्यांनी पाणी गोड हाय म्हटल्यावर, 'कसलं गोड, चार दिसाचं पाणी' असं कोण बोललं?"

कुमारच्या वडिलांनी, ज्ञानबांनी, फोन कानापासून लांब धरला. बोलले तेच होते. पाहुण्यानं कौतुक केलं की आपण नाही म्हणायचं, हे त्या घरात दात घासण्याइतकं ठरलेलं होतं. घर छान आहे म्हटल्यावर कुमारची आई भामाबाई म्हणाल्या होत्या, "कुठलं छान, सगळं गळतंय." नोकरी चांगली आहे म्हटल्यावर खुद्द कुमार म्हणाला होता, "कसली नोकरी, कंपनी कधी बंद पडंल सांगता येत न्हाई." शिरवळच्या त्या कंपनीनं त्याला नुकतंच कायम केलं होतं. पाहुण्यांनी सगळं मनापासून ऐकलं आणि मनापासून खरं मानलं.

"म्हंजे गळकं घर, कोरडी विहीर आन् बेकार नवरा," प्रेरणा म्हणाली. कुमारची ही थोरली बहीण भोरला मोबाईलच्या दुकानात काउंटर सांभाळायची. दिवसभर लोकांशी बोलून तिला बोलण्याचं गणित कळलं होतं. "समोरचा म्हणतो चांगलंय, तुमी म्हणता न्हाई. म्हंजे तुमी त्याला खोटं पाडताय. मग त्यानं एक तर तुमच्याशी भांडायचं, न्हाईतर तुमचं मान्य करायचं. भांडायला कोण येळ काढून येतंय?"

"मग काय छाती फुगवायची?" ज्ञानबांनी विचारलं.

"न्हाई आबा. त्याचं बोलणं पुरं ऐकायचं. त्याच्याकडं बघायचं. 'बरं वाटलं' म्हणायचं. जमलं तर एखादी खरी गोष्ट सांगायची. आन् मग गप बसायचं."

शेवटची पायरी सगळ्यात अवघड निघाली.

वेल्ह्याचे सर्जेराव पुढच्या रविवारी मुलीला घेऊन घर बघायला येणार होते. कुमारनं ठरवलं, या खेपेला 'नाही' म्हणून स्थळ घालवायचं नाही. घरात तालीम सुरू झाली. प्रेरणा म्हणाली, "आई, भाकरी झकास झाली." भामाबाई म्हणाल्या, "बरं वाटलं." मग त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले, आणि "पीठ जरा जाडच व्हतं" हे वाक्य बाहेर पडू नये म्हणून त्यांनी पदर तोंडात कोंबला.

कुमार दुसऱ्याच टोकाला गेला. कंपनीतला एक जण "केस चांगले कापलेत" म्हणाला. कुमारनं त्याचे दोन्ही हात धरले, "लई आभार, लई मोठं मन तुमचं" म्हणाला, वर चहा पाजला. रात्री त्याला मोबाईलवर हात जोडल्याची चित्रं पाठवली, सकाळी पुन्हा पाठवली. तो माणूस आता कुमार दिसला की टोपी खाली ओढून दुसऱ्या दारानं आत जायचा.

"त्यानं तुला एक वाक्य दिलं व्हतं," प्रेरणा म्हणाली, "तू त्याच्या डोक्यावर पोतं ठेवलंस. इवलंसं द्यावं तर हा जन्माचा मिंधा होतो, म्हणून बिचारा पुढं काय बोलायलाच घाबरतोय."

रविवारी सर्जेराव आले. सोबत मुलगी शेफाली आणि मध्यस्थ म्हणून गेनूमामा. सर्जेरावांची घर बघायची एक पद्धत होती. ते कशातही दोष शोधत नसत. नुसतं कौतुक करत. मग यजमान आपण होऊन दोष सांगत असे.

"घर ऐसपैस हाय."

"बरं वाटलं," ज्ञानबा म्हणाले. "वरची खोली गेल्या साली बांधली."

सर्जेराव थांबले. पुढचं काही आलं नाही.

"पोहे फर्मास."

"बरं वाटलं," भामाबाई म्हणाल्या, आणि पदर हातात घट्ट धरून बसल्या.

सर्जेरावांना संशय आला. एवढे दोष दडवणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी कौतुकाचा जोर वाढवला. गोठा, म्हशीची शिंगं, मोरीचा उतार. प्रत्येकाला "बरं वाटलं." शेवटी सर्जेरावांनी खिडकीबाहेर बोट केलं. "बंगला तर राजवाडाच!"

"त्यो शेजाऱ्यांचा हाय," ज्ञानबा शांतपणे म्हणाले. "त्यांना सांगतो तुमी काय म्हणाला ते."

आता सर्जेराव घामाघूम झाले होते. "आवो, पर ह्या घरात वाईट काय हाय का न्हाई?" ते ओरडलेच.

"इचारलं न्हाई तुमी," कुमार म्हणाला. "वरच्या खोलीचा पावसाळ्यात एक कोपरा ओला होतो. विहीर आटत न्हाई, पर मे महिन्यात मोटर थांबून थांबून चालवावी लागती. मला रात्रपाळी असती."

सर्जेरावांनी कपाळ पुसलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

मुलांना अंगणात बोलायला पाठवलं. "तुम्ही विचारल्यावर लपवलं नाहीत," शेफाली म्हणाली. "आवडलं मला."

कुमारच्या तोंडात पाच-सहा आभार एकदम आले. त्यानं ते गिळले. "बरं वाटलं. भीती वाटत व्हती." थोडं थांबून तो म्हणाला, "तुमी लई सरळ बोलता."

"थँक्यू," शेफाली म्हणाली आणि हसली. बस्स, एवढंच.

दोघं आत आले तेव्हा दोघांचा होकार चेहऱ्यावरच होता. ज्ञानबा आनंदानं म्हणाले, "सर्जेराव, पोरगी लई गुणाची हाय तुमची!"

आणि सर्जेराव सवयीनं म्हणाले, "कसली गुणाची! आठाला उठती, चहा करपवती, तोंड तर असलं फाटकं..."

भामाबाईंनी ज्ञानबांकडे बघितलं. ज्ञानबांनी घसा खाकरला. "मग... आमी जरा इचार करून कळवतो."

प्रेरणानं डोकं धरलं. शेफालीचा चेहरा पडला. कुमार उठला. आज काहीही झालं तरी हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही.

"काका," तो म्हणाला, "आबांनी तुमच्या पोरीचं कौतुक केलं. तुमी त्यांना खोटं पाडलं. आन् तिलाबी. एकदा नुसतं 'बरं वाटलं' म्हणा."

"मी?"

"तुमीच."

सर्जेरावांनी तोंड उघडलं, मिटलं. मिशी हलली. शेजाऱ्याच्या बंगल्याचं कौतुक करताना न अडखळलेला माणूस दोन शब्दांपाशी अडला.

"बरं... बरं वाटलं," ते कसेबसे म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "हिची आई आजारी व्हती तवा दोन वर्सं घर हिनंच वढलं."

आणि ते गप्प बसले. शेफालीनं हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती वडिलांना खेटून बसली. भामाबाईंनी डोळे पुसले आणि साखर आणायला उठल्या.

सुपारी फुटली. निघताना गेनूमामा दारात थांबले. लग्न जमवणाऱ्याला अशा वेळी दोन्हीकडून टोपी-टॉवेल मिळतो, आणि त्याआधी त्यानं थोडं लाजायचं असतं, घरच्यांनी 'छे, तुमच्यामुळंच' म्हणत आग्रह करायचा असतो. मामा लाजले.

"आमी काय केलं? सगळं तुमीच जमवलंत. तुमच्यासारखी माणसं मिळत न्हाईत!"

ज्ञानबांनी त्यांचं बोलणं पुरं ऐकलं. त्यांच्याकडे बघितलं.

"बरं वाटलं," ते म्हणाले.

"लई बरं वाटलं," सर्जेराव म्हणाले.

आणि दोघंही गप्प बसले. मामा एका पायात चप्पल घालून बराच वेळ तिथंच उभे होते.