जयवंतचं हिंदी भाषण

"हिंदीत काय कठीण आहे? मराठीला 'है' लावलं की झालं!" जयवंत परबानं बायकोला ठणकावून सांगितलं.

सुगंधा हिंदीच्या दोन परीक्षा पास झालेली. "अरे, मला एकदा वाचून तरी दाखव!"

"भाषण ऑफिसात आहे, तुझ्या परीक्षेत नाही!"

जयवंत साकीनाक्याच्या पंख्यांच्या कारखान्यात कारकून. मॅनेजर मिश्राजी दिल्लीला बदलून चालले होते. निरोप समारंभात शेठजी गोदामप्रमुखाचं नाव जाहीर करणार होते. त्या खुर्चीसाठी जयवंत सहा वर्षं झुरत होता. आज मिश्राजींचं अस्सल हिंदीत कौतुक करायचं आणि खुर्ची पटकवायची!

समारंभात माईक हातात येताच त्यानं सुरुवात केली, "साहब, आपने सबकी नाक में दम कर दिया!"

'दम' म्हणजे जोर, अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात तो म्हणाला होता, तुम्ही सगळ्यांच्या नाकी नऊ आणलेत. कामगारांनी जीव तोडून टाळ्या वाजवल्या. जयवंतला स्फुरण चढलं.

"काम न आए, तो आपने आँखें दिखाईं!"

कुणाला काम येत नसलं, तर तुम्ही नजरेसमोर करून दाखवलंत, असं त्याला म्हणायचं होतं. हिंदीत मात्र डोळे दाखवले म्हणजे वटारले, धाक घातला. पुन्हा टाळ्या! मिश्राजींचं हसू आंबलं.

"आप जा रहे हैं, तो हमारे पाँव भारी हो गए!"

मराठीत निरोपाच्या वेळी पाऊल जड होतं. हिंदीत पाय जड झाले म्हणजे बाईला दिवस गेले! पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून खाली बसल्या. "किती महिने झाले, परब?" शेवंतीबाई ओरडल्या. जयवंतला वाटलं, मिश्राजींच्या सहवासाचे विचारताहेत.

"बहात्तर!"

हशा ओसरेपर्यंत तो ऐटीत थांबला. मग त्याला मिश्राजींनी स्वतः उभं राहून करवून घेतलेली गोदामाची झाडलोट आठवली.

"और साहबने पूरे गोदाम पर हाथ साफ किया!"

हात साफ करणं म्हणजे माल लंपास करणं. आतापर्यंतच्या घोळांवर शेठजी हसत होते. याही चुकीवर ते हसणार, तोच मिश्राजी ताडकन उठले.

"किसने देखा?"

शेठजींचं हसू विरलं. "मिश्राजी, ये तो भाषा की गड़बड़ थी. आप क्यों घबराए?"

मिश्राजी घाम पुसू लागले. पाच मिनिटांत शेठजींनी गोदामाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. जयवंतला कडकडून मिठी मारली. "परब, ऐसा हिम्मतवाला आदमी हमको चाहिए! आजसे गोदाम तुम्हारा!"

आपण काय हिंमत केली, हे जयवंतला जिना उतरताना शिवदास फिटरनं एकेक वाक्य उलगडून सांगितलं. ऐकता ऐकता तो पायरीवरच बसला.

घरी सुगंधानं विचारलं, "काय रे, खुर्ची मिळाली ना?"

"मिळाली."

"मग तोंड का असं? मिश्राजी गेले ना दिल्लीला?"

"चौकशी संपेपर्यंत बदली थांबवली. मालाचा हिशेब द्यायला उद्यापासून त्यांचं टेबल गोदामात. माझ्या शेजारी."