द्वारकाबाईंची पातळी

द्वारकाबाईंचं पत्र जर्मनीहून कोथरूडला आलं, तेही जर्मन भाषेत. पाकीट उघडताच कौशल्याबाईंचा चेहरा उतरला. दोघी मैत्रिणी पुण्यात दोन वर्षं जर्मन शिकल्या होत्या. पण तिथल्या चार आठवड्यांच्या वर्गाला द्वारकाबाई एकट्याच गेल्या. पोचल्याबरोबर परीक्षा असते, हे कळल्यावर कौशल्याबाई मागे राहिल्या. साठीनंतर नापास होणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"वाच की," रावसाहेब म्हणाले. "का कुणा जर्मन माणसाला बोलावू?"

नवऱ्यासमोर शब्दकोश काढणं शक्यच नव्हतं. त्या वाचू लागल्या.

"पहिल्याच सकाळी परीक्षा. चाळीस प्रश्न, बरोबर उत्तरावर खूण करायची. आधी सोपे, मग अवघड. मग थोडं लिखाण, शेवटी बाईंशी दहा मिनिटं गप्पा. मला बी-वन वर्ग मिळाला."

पुढच्या ओळीत एक लांबलचक शब्द आडवा आला : 'त्सुरुकगेश्टुफ्ट'. त्सुरुक म्हणजे परत, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"चौथ्या दिवशी मला... अगं बाई! द्वारकाला परत पाठवलं!"

रावसाहेबांनी शेजारून द्वारकाबाईंच्या यजमानांना बोलावलं. जयसिंगराव हबकलेच.

"अहो वहिनी, काल तर फोनवर म्हणाली, सगळं छान आहे!"

"लपवत असेल."

रावसाहेबांनी पाकिटावरची तारीख पाहिली. "पत्र अकरा दिवसांपूर्वीचं आहे. परत पाठवली असेल, तर आतापर्यंत यायला हवी होती."

"मग काल फोन कुठून केला?" जयसिंगरावांना घाम फुटला. त्यांनी सात वेळा फोन लावला. कुणी उचलेना. आठव्यांदा तो बंदच लागला.

साडेचारला द्वारकाबाईंचाच फोन आला. "वर्गात होते! तिथे फोन उचलता येत नाही. वाजत राहिला, म्हणून शेवटी बंदच केला. काय झालं?"

सगळं ऐकून त्या वैतागल्या. "कौशल्ये, परत म्हणजे खालच्या वर्गात! येत नाहीत ते प्रश्न सोडा, असं सांगितलं होतं. मी एकही सोडला नाही, अंदाजानं खुणा केल्या आणि नेमक्या बरोबर आल्या! गप्पांत घर, माणसं, छंद विचारले. ते तर आपलं पाठच आहे. मग बी-वनमध्ये बसले आणि काही कळेना. बाईंनी तीन दिवस पाहिलं आणि ए-टूत बसवलं. पहिल्या आठवड्यात इथे कितीतरी जण असे वर-खाली होतात."

"म्हणजे तू नापास नाही झालीस?"

"नापास कसली? कुठल्या वर्गात बसवायचं, तेवढंच बघतात. त्यात नापास होताच येत नाही. आणि पत्र म्हणजे गृहपाठ होता. मैत्रिणीला पहिल्या आठवड्याबद्दल लिहा, म्हणाल्या. मी खरंच टपालात टाकलं."

कौशल्याबाईंनी फोन हातात घेतला आणि नवऱ्याकडे पाठ केली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढचा वर्ग कधी सुरू होतोय गं?"

मागे रावसाहेब जयसिंगरावांना त्याहून हळू आवाजात विचारत होते, "भाताला शिट्ट्या किती काढता हो तुम्ही?"